पालखीचा सातवा थांबा

यात्रा चार दिवसांवर आली असताना नकाशातून काकींचा ओटा नाहीसा झाला.

नकाशा मी काढला होता, म्हणून मला आधी कळलं. दुपारी कुकर लावून लॅपटॉप उघडला, पालखीच्या वाटेवरून सहज नजर फिरवली, तर सहाव्या थांब्यावरून रेघ सरळ मोठ्या रस्त्याला लागलेली. मधली बोळ गाळलेली. मला आधी वाटलं, आपलाच चष्मा. चष्मा पुसून पाहिलं. ओटा नव्हताच.

आमचं गाव वाघोलीच्या अलीकडे, नगर रस्त्याच्या आत. मी पुण्यात मंडईजवळच्या दोन खोल्यांत वाढलेली मुलगी, लग्न होऊन इथे आले तेव्हा चारही बाजूंना ज्वारी होती. आता चारही बाजूंना सोसायट्या आहेत आणि ज्वारी आम्ही दुकानातून आणतो. महापालिकेत गेलो म्हणून गावाची यात्रा काही थांबली नाही. चैत्रात भैरवनाथाची पालखी सकाळी देवळातून निघते, गावाला वळसा घालते, ठरलेल्या घरांपुढे आणि ठरलेल्या देवांपुढे टेकते आणि उन्हं चढायच्या आत परत देवळात येते. जिथे टेकते तिथे त्या घरची बाई भोयांच्या पायांवर पाणी घालते, देवाला कुंकू लावते, ओवाळते. याला मान म्हणतात. आमच्याकडे जमिनीवरून भांडणं झाली ती कोर्टात मिटली, मानावरून झालेली अजून चालू आहेत.

गेल्या यात्रेत फजिती झाली होती. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट एका सोसायटीच्या फाटकाने अडवली, वॉचमन म्हणाला सेक्रेटरीला विचारतो, सेक्रेटरी होता महाबळेश्वरला. देव खांद्यावर घेऊन माणसं उन्हात ताटकळली. तिकडे विहिरीपाशी बायका ताटं घेऊन वाट बघत राहिल्या आणि पालखी दुसऱ्याच अंगाने देवळात पोचली. म्हणून यंदा यात्रा कमिटीने ठरवलं की वाटेचा नीट नकाशा करायचा, सोसायट्यांना आधी दाखवायचा आणि सगळ्यांच्या फोनवर पाठवायचा. काम माझ्याकडे आलं. शिकलेली सून म्हणजे गावात सार्वजनिक मालमत्ता असते. लाइटबिल भरायचं, आधार अपडेट करायचं, देवाची वाट काढायची, सगळं तिच्याकडे.

इंटरनेटवर असा नकाशा फुकट काढता येतो. मी एका लेअरमध्ये थांब्यांच्या खुणा ठेवल्या. प्रत्येक खुणेत दोन ओळी लिहिल्या, कुठे सावली आहे, कुठे पाणी आहे, कुठे लहान पोरं सांभाळायची. दुसऱ्या लेअरमध्ये चालायची वाट काढली. तिथे एकेक थांबा क्रमाने भरत गेलं की नकाशा आपणच रस्ते जोडतो. त्याला गाडीचा रस्ता नको, पायी चालणाऱ्याचा दे, असं सांगावं लागतं. तरी दोनदा त्याने देवाला नगर रस्त्यावर नेलं. मी रेघ धरून ओढली आणि तालमीमागून घातली. देऊळ पहिला थांबा, देऊळच शेवटचा आणि मधले आठ, असे दहा. काकींचा ओटा देऊळ धरून सातवा. त्यांची बोळ नकाशात होती याचंच मला कौतुक वाटलं. गावातल्या निम्म्या माणसांना ती आठवत नव्हती.

लिंक यात्रेच्या ग्रुपवर टाकली. लिंक ज्याच्याकडे आहे त्याने नुसतं बघावं, हात लावू नये, अशी सोय मी ठेवली होती. तासाभरात कमिटीच्या अध्यक्षांचा फोन आला. अध्यक्ष म्हणजे यांचे सख्खे चुलतभाऊ, माझे थोरले दीर. जमिनीचे व्यवहार करतात, गळ्यात दोरीएवढी चेन आणि आवाज कायम स्पीकरवर असल्यासारखा.

"वहिनी, नकाशा झ्याक झालाय. पन आमाला बदलता येत नाय त्यात."

"बदलायचं काय आहे भावजी? वाट जुनीच आहे."

"तसं नाय. गावचं काम हाय. येकट्या तुमच्याच हातात कशाला? उद्या लोकं म्हनतील, देव काय त्यांच्या घरचा हाय का."

देव माझ्या घरचा नव्हता हे खरंच. कमिटीतल्या चौघांचे मेल आयडी घेतले आणि त्यांना बदलायची मुभा दिली. फोनवर नकाशा नुसता बघायला मिळतो, बदलायचा तर कंप्युटरवर बसावं लागतं, तेव्हा एवढे कष्ट कोण घेतंय, असं मला वाटलं. मानासाठी आमच्या गावची माणसं काय काय करतात हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

त्याच संध्याकाळी तालमीचा थांबा पंधरा पावलं सरकून एका मेंबराच्या दुकानापुढे आला. दुसऱ्या दिवशी शाळेपुढचा थांबा शाळेशेजारच्या घरापुढे गेला, ते घर कोणाचं हे सांगायला नको. मी परत जागेवर आणायची, कोणीतरी परत सरकवायचं. ग्रुपवर सगळे गुण्यागोविंदाने सुप्रभात म्हणत होते. मला हसूही येत होतं. देवाला कोणी विचारलं असतं तर तोही म्हणाला असता, ठेवा कुठेही, पण लवकर ठरवा.

आणि मग काकींचा ओटाच गेला.

वाट बारकाईने पाहिली तेव्हा उलगडा झाला. एका वाटेत दहाच थांबे बसतात. अकरावा घालायला गेलं तर नकाशा जागाच देत नाही. कोणाला तरी अकरावा हवा होता, म्हणून एक काढला होता. सातव्या क्रमांकावर आता दुसराच थांबा होता: मोठ्या रस्त्यावरचा नवा बंगला, ग्रॅनाइटच्या पायऱ्यांचा. माझ्या थोरल्या दिरांचा.

मी स्वतःला समजावलं की चुकून झालं असेल. जागा नव्हती, हाताला आला तो काढला. म्हणून खुणांचा लेअर उघडला. तिथे दहाची अट नाही, तिथे हव्या तेवढ्या खुणा ठेवता येतात. काकींच्या ओट्याची खूण तिथूनही गेली होती. चुकून हात एकदा लागतो. दोन वेगवेगळ्या ठिकाणी लागत नाही.

हे कोणी केलं ते कळायची सोय नव्हती. त्या नकाशात कोणी काय बदललं याचा मागमूस राहत नाही. बदलू शकणारे चौघे होते आणि पाचवी मी.

काकी म्हणजे माझ्या चुलत सासूबाई. गावाच्या मागच्या अंगाला, एका सोसायटीच्या कुंपणभिंतीला चिकटून त्यांचं कौलारू घर आहे. पुढे ओटा, ओट्यावर कडुनिंब. काका शेतात राबणारा माणूस, बोलायचा कमी. मूलबाळ झालं नाही. मी या घरात आले तेव्हा चुलीवर भाकरी कशी थापायची ते मला सासूबाईंनी नाही, काकींनी शिकवलं, आणि माझी पहिली भाकरी नकाशासारखी झाली तेव्हा त्या हसल्या नाहीत, एवढं मी विसरणार नाही. गेल्याच्या गेल्या दिवाळीत काका गेले. गेल्या यात्रेला वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून पालखी त्यांच्या बोळीत गेली नाही. ते रीतीला धरून होतं, काकींनीच तसं सांगून पाठवलं होतं. या वर्षी मात्र काही अडचण नव्हती. निदान मला तसं वाटत होतं.

ओटा गेल्याचं कळलं त्याच दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. का गेले ते मला सांगता यायचं नाही. घरी बसवेना. काकी ओटा शेणाने सारवत होत्या. तांब्याचं घंगाळ चिंच लावून घासलेलं, उन्हात उपडं घातलेलं.

"ये. पाय ठिवू नगं, वला हाय," त्या म्हणाल्या.

मी कडेने भिंतीला टेकून उभी राहिले.

"तू म्हनं फोनात वाट काढलीय पालखीची."

"हो."

"त्यात आपला वटा हाय न्हवं?"

मी 'हो' म्हणाले. त्या क्षणी नकाशात ओटा नव्हता. काकींच्या फोनला बटणं होती, त्या काही उघडून बघणार नव्हत्या, आणि मला खोटं बोलताना नजर चुकवायचीही गरज पडली नाही, कारण त्यांची नजर सारवणावर होती.

"गेल्या साली लई सुनं वाटलं बघ," हात न थांबवता त्या म्हणाल्या. "हलगी वाजत म्होरनं गेली. म्या दार लावून आत बसले हुते. यंदा म्हनलं, येऊ दे. ते असते तर नारळ त्यांनी फोडला असता. त्यो तुज्या मालकाला फोडाया सांग."

मी सांगते म्हणाले आणि घरी आले. रागाने माझे कान तापले होते.

जेवताना मी विषय काढला. यांनी वरणात भात कालवत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दादाशी बोलतो." म्हणजे बोलणार नाहीत. आमच्या घरात थोरल्या चुलतभावाशी बोलतो म्हणणं हा एक प्रकारचा ढेकर आहे, जेवण झालं की येतो आणि जातो.

ताटं उचलताना सासूबाईंनी सांगून टाकलं.

"तू उगाच त्यात पडू नगं. जागा नव्हती म्हनून काढला असं समज."

"जागा करता येते आई."

"येत आसंल." त्यांनी ताटं एकावर एक ठेवली. "पन पाय कोन धुनार? कुंकू कोन लावनार द्येवाला? तिच्या कपाळाला हाय का कुंकू?"

तेव्हा मला कळलं. इतका वेळ मी बंगला, ग्रॅनाइट, मान, याच वाटेने विचार करत होते. गावात सगळ्यांना खरं कारण माहीत होतं, फक्त कोणीच तोंडाने बोलत नव्हतं. बोललं असतं तर भांडता आलं असतं. कमिटीत ठराव आला असता तर चार शहाणी माणसं उठली असती, निदान पेपरात येईल म्हणून तरी घाबरली असती. इथे तसं काही करावंच लागलं नाही. एक खूण पुसली की झालं. नकाशात ओटा नाही म्हणून पालखी थांबली नाही, आणि नकाशा तर सगळ्या गावाचा.

"तुमची जाऊ आहे ती," मी म्हणाले.

"म्हनूनच सांगते. चारचौघात कुनी बोललं तर तिला सोसायचं नाय."

त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, उलट काळजी होती, आणि त्यानेच मला जास्त चीड आली. दुष्ट माणसाशी दोन हात करता येतात. काळजीवाल्या माणसाचं काय करायचं?

मी लॅपटॉप घेऊन बसले. दहाची अट एका लेअरपुरती असते, हे मला आधी पाहून ठेवायला हवं होतं. देवळापासून शाळेपर्यंतची वाट मी पहिल्या लेअरमध्ये ठेवली. नवा लेअर करून त्यात शाळेपासून पुढची वाट सुरू केली: शाळा, काकींचा ओटा, विहीर आणि पुढे देवळापर्यंत. दोन्ही रेघांना एकच भगवा रंग दिला, म्हणजे बघणाऱ्याला तुटलेलं वाटू नये. दिरांचा बंगलाही राहू दिला, मला कोणाचं काढायचं नव्हतं. मग खुणांच्या लेअरमध्ये काकींची खूण परत ठेवली आणि खाली लिहिलं: पालखी टेकण्याची जुनी जागा. कडुनिंबाची दाट सावली. पिण्याचं पाणी आहे. बसायला ओटा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खूण पुन्हा गेलेली.

मी परत ठेवली. दुपारी गेली. परत ठेवली. ग्रुपवर कोणीतरी फुलांचं चित्र टाकून शुभ गुरुवार म्हटलं. आम्ही कोण कोण त्या नकाशावर बसून एकमेकांशी मुकाट भांडत होतो देव जाणे.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी ओटा शेवटचा जागेवर ठेवला, आणि चौघांचीही बदलायची मुभा काढून घेतली. आता सगळ्यांनी नुसतं बघायचं. ग्रुपवर लिहिलं: 'वाटेत दुरुस्ती केली आहे. लिंक तीच आहे, नकाशा परत उघडून पाहावा.' आणि फोन पालथा ठेवून कांदे चिरायला घेतले.

भावजी फोनवर आले नाहीत, घरीच आले. ओसरीत उभे राहिले, बसले नाहीत.

"वहिनी, आमाला बाहेर काढलं म्हनं तुमी."

"नकाशातून काढलंय भावजी. गावातून नाही."

"पुन्याचं बोलनं नका बोलू. कमिटीला इचारलं होतं का?"

"ओटा काढताना कमिटीला विचारलं होतं का?"

ते यांच्याकडे बघत राहिले. हे पंख्याकडे बघत होते. भावजींचा आवाज मग खाली आला, आणि त्यांचा आवाज खाली आला की जास्त भीती वाटते.

"हे बगा. मला काकीशी वाकडं नाय. माजी बी चुलती हाय ती. पन उद्या द्येवाच्या कामात काय इपरीत झालं, कुनाचा पाय मुरगाळला, ऊन लागलं, तर गाव काय म्हनंल? तुमाला म्हननार नाय. तिला म्हननार. तुमी ऱ्हाल तुमच्या लॅपटॉपवर."

त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. कोणाला उन्हाने चक्कर आली असती तरी बोट काकींकडेच गेलं असतं.

"आनि तुमचा नकाशा ऱ्हाऊ द्या," पायऱ्या उतरताना ते म्हणाले. "पोरांना झेराक्स दिल्यात म्या. कालच्या."

काल दुपारी ओटा नसताना त्यांनी पडद्याचा फोटो काढून छापून घेतला होता. म्हणजे लिंकवर एक वाट आणि कागदावर दुसरी. लिंक बदलली की सगळ्यांच्या फोनवर वाट बदलते, पण कागदाला कोण बदलणार? पालखीच्या पुढे दोरी धरून चालणारी स्वयंसेवक पोरं होती, त्यांच्या हातात कागद होता. देव त्यांच्या मागून जाणार होता.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. मी काकींना जाऊन सांगावं का, की नका वाट बघू, असा विचार कितीदा आला. पाय उचलला नाही. सांगायचं तरी काय होतं?

यात्रेच्या सकाळी ऊन लवकर तापलं. देवळातून पालखी निघाली, हलगी कडाडली, गुलाल उडाला. पुढचा दांडा धरायचा मान थोरल्या घराचा, म्हणून भावजी पुढे होते, अनवाणी, चेन सदऱ्यात घातलेली. मी आणि सासूबाई बायकांच्या घोळक्यात मागून चालत होतो. वेस, मारुती, तालीम, सगळीकडे पालखी टेकली, बायकांनी पाणी घातलं, ओवाळलं. माझं कशातच लक्ष नव्हतं. मी पुढच्या पोरांच्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

शाळा मागे पडली आणि बोळीचं तोंड आलं. पुढच्या पोराने कागद पाहिला आणि दोरी सरळ मोठ्या रस्त्याकडे ओढली. हलगीवाले त्याच्यामागे. पालखी बोळ ओलांडून दोन पावलं पुढे गेलीसुद्धा. मला वाटलं होतं मी ओरडेन, भांडेन, निदान यांना कोपरखळी मारेन. मी नुसती चालत होते.

तेवढ्यात बोळीतून कोणीतरी मोठ्याने हाक मारली.

"अहो जी! इकडे, इकडे! येथं थांबते ना पालखी?"

वळून पाहिलं तर बोळ बायकांनी भरलेली. कुंपणापलीकडच्या सोसायटीतल्या होत्या. कोणी अमरावतीची, कोणी यवतमाळची, नवरे कंपन्यांत, गावात येऊन दोन-तीन वर्षं झालेली. त्यांना आमच्या वाटा ठाऊक नव्हत्या, माणसं ठाऊक नव्हती, मान तर मुळीच ठाऊक नव्हता. त्यांच्या ग्रुपवर कोणीतरी लिंक पाठवली होती. सकाळी त्यांनी फोन उघडला होता, दाट सावली आणि बसायला ओटा कुठे आहे ते पाहिलं होतं आणि पोरासोरांना घेऊन तिथे येऊन बसल्या होत्या. काकींनी त्यांना पाणी दिलं होतं. आता त्या सगळ्या उठून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात निरांजन पेटलेलं.

पालखी थबकली.

आमच्याकडे एक रीत आहे. पेटलेलं ताट समोर धरलेलं असताना देवाची पाठ फिरवत नाहीत. ताट कोणाचं का असेना. ही रीत भावजींना माझ्यापेक्षा जास्त पक्की माहीत होती. कागद धरलेल्या पोराने त्यांच्याकडे पाहिलं. पाठीमागच्या भोयांनी पाहिलं. हलगी एकाएकी बंद पडली आणि मला फक्त निंबावरचा कावळा ऐकू यायला लागला. भावजींच्या कपाळावरून घाम गालावर आला, दांडा धरलेला म्हणून तो पुसताही येईना.

"वळवा," ते म्हणाले.

पालखी मागे आली आणि बोळीत वळली. बायका दोन्ही बाजूंना झाल्या. ओट्यापाशी टेकू लावला, पण भोयांनी दांडे खांद्यावरून काढले नाहीत, पाय धुऊन होईपर्यंत काढतही नाहीत.

काकी उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. घंगाळ भरून दारात ठेवलेलं होतं.

"कुनी सवाशीन या म्होरं," कमिटीतला एक म्हातारा म्हणाला. वाईट बोलला नाही, सवयीने बोलला.

सोसायटीतल्या बायकांना वाटलं, घरच्या बाईआधी आपण कसं जायचं. त्या काकींकडे बघत राहिल्या. आमच्या गावच्या बायका जमिनीकडे बघत राहिल्या. कोणीच पुढे झालं नाही. माझं मंगळसूत्र मला गळ्यात जड झालं. मी पुढे गेले असते तर पाणी मी घातलं असतं, पालखी पुढे गेली असती, सगळं सुरळीत झालं असतं, आणि काकी उंबऱ्याच्या आतच राहिल्या असत्या. मी जागची हलले नाही.

काकी बाहेर आल्या. घंगाळ उचलताना त्यांचा तोल किंचित गेला, कोणीतरी हात दिला, त्यांनी घेतला नाही. पुढच्या दांड्यापाशी येऊन त्या वाकल्या. भावजी सगळ्यांच्या डोक्यांवरून कुठेतरी दूर बघत होते. त्यांचा एक पाय मागे होता.

"पाय म्होरं घे," काकी म्हणाल्या.

पाय जागेवरच राहिला.

"घे की रं. लहान हुतास तवाबी म्याच धुतल्यात."

भावजींनी पाय पुढे घेतला. काकींनी पाणी घातलं, पायावरची धूळ हाताने चोळून काढली, दुसऱ्या पायावर घातलं. मग मागच्या भोयांच्या. भावजींच्या हनुवटीवरून थेंब पडत होते आणि ते घामाचेच होते असं मी म्हणणार नाही. यांनी नारळ फोडला. पालखी टेकली.

काकींनी कुंकवाचा करंडा उघडला. त्यात बोट बुडवून देवाच्या मुखवट्याला लावलं. मग ओवाळलं. ओवाळून झालं की लावलेल्या बोटाचं उरलेलं कुंकू बाई आपल्या कपाळाला लावते, आमच्याकडे सगळ्याच लावतात, विचार करून कोणी लावत नाही. काकींचा हात सवयीने वर गेला आणि कपाळापाशी थांबला. बोट लाल, कपाळ कोरं. सगळा गाव बघत होता. मनात म्हटलं, काकी, हात खाली घेऊ नका. तोंडाने म्हटलं नाही.

त्यांनी डोळे मिटले आणि बोट टेकवलं. डोळे मिटलेले असल्याने कुंकू भुवईपर्यंत फराटा ओढल्यासारखं लागलं.

कोणीतरी मागे कुजबुजलं. त्या म्हाताऱ्याने घसा खाकरला, काहीतरी बोलणार होता. त्याआधी माझ्या शेजारून सासूबाई निघाल्या. मला वाटलं, आता या जावेचा हात धरून तिला आत नेणार. त्या गर्दीतून वाट काढत ओट्यावर चढल्या, काकींच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांची हनुवटी वर उचलली.

"वाकडं लागलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि पदराच्या टोकाने भुवईवरचं कुंकू पुसून कपाळावरचं नीट गोल करून दिलं.